पहिला ठसा आणि रोजचा चेहरा
नव्या वर्गात मुलांविषयी आणि शिक्षकांविषयी मत कसे बनते?

दहावीचा निकाल लागला की नांदेड जिल्ह्यातील देगलूर, मुखेड, बिलोली, किनवट या भागांतून अनेक घरांत एकच धांदल सुरू होते. पोरीला अकरावीसाठी लातूरला टाकायचे की नांदेडलाच ठेवायचे? पैशाची जुळवाजुळव होते, वसतिगृहाची किंवा खोलीची सोय पाहिली जाते, आणि जून-जुलैत ट्रंक, गादी, बादली घेऊन बाप-लेक एस.टी.त बसतात. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत गाडी लातूरला पोहोचते. बाप दुसऱ्या दिवशी परत फिरतो. आठ-पंधरा दिवसांत फोन येतो, "बाबा, इथली पोरं चांगली नाहीत. सर पण चांगले नाहीत. मला घरी यायचं आहे."

असा फोन ज्यांच्या घरी आला आहे, त्यांनी प्रस्तुत लेख जरूर वाचावा. पंधरा दिवसांत "चांगले नाहीत" हा निकाल मुलीने कशावरून दिला? आणि त्याच पंधरा दिवसांत वर्गाने व शिक्षकांनी तिच्याविषयी जो निकाल दिला, तो कशावरून? मानसशास्त्राने याचा अभ्यास केला आहे. या काळात माणसाच्या मनात दोन वेगवेगळ्या गोष्टी चालू असतात. दोन्ही गुपचूप चालतात, दोन्हींचा परिणाम "आवडणे-नावडणे" असाच दिसतो, पण दोघींचे स्वभाव वेगळे आहेत. म्हणून त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

काळ्या पिशवीतला विद्यार्थी

पहिली गोष्ट म्हणजे परिचयाचा परिणाम. इंग्रजीत तिला मिअर एक्स्पोजर इफेक्ट म्हणतात. साधा अर्थ असा की, एखादी व्यक्ती किंवा वस्तू वारंवार डोळ्यांसमोर आली, की केवळ तेवढ्यानेच ती बरी वाटू लागते. तिने काही चांगले केले पाहिजे असे नाही. ती आपल्याशी बोलली पाहिजे असेही नाही.

अमेरिकेतील रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 साली या विषयावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या आरंभीच एका वर्गाची हकिकत दिली आहे. 1967 साली ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत वक्तृत्वाच्या वर्गात एक विद्यार्थी मोठ्या काळ्या पिशवीत स्वतःला झाकून येत असे. फक्त अनवाणी पाय तेवढे दिसत. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी तो यायचा, मागे बसायचा आणि जायचा. पिशवीत कोण आहे हे फक्त प्राध्यापकांना ठाऊक होते. आरंभी मुलांनी त्याचा तिरस्कार केला. पुढे तिरस्काराचे कुतूहल झाले आणि शेवटी मैत्री झाली. पिशवी तीच होती. मुलांच्या डोळ्यांना तिची सवय झाली होती.

ही झाली एक हकिकत. पण हकिकतीवरून नियम सिद्ध होत नाही. म्हणून रिचर्ड मोरलंड आणि स्कॉट बीच या संशोधकांनी एका खऱ्याखुऱ्या महाविद्यालयीन वर्गात प्रयोग करून त्याचा निष्कर्ष 1992 साली प्रसिद्ध केला. दिसण्यात साधारण सारख्या अशा चार तरुणी त्यांनी निवडल्या. त्या वर्गातल्या विद्यार्थिनी नव्हत्या, पण तशाच भासाव्यात अशी योजना होती. एक तरुणी वर्गात एकदाही आली नाही. दुसरी 5 तासांना आली, तिसरी 10 आणि चौथी 15 तासांना. त्यांनी यायचे, पुढच्या बाजूला बसायचे, टिपणे घ्यायची आणि तास संपला की निघून जायचे. कोणाशी एक शब्दही बोलायचा नाही.

सत्राच्या अखेरीस वर्गातील मुलामुलींना चौघींची चित्रे दाखवून मत विचारले. जी जास्त वेळा आली होती ती जास्त आवडली. विशेष म्हणजे "हिला तुम्ही ओळखता का?" या प्रश्नाला फारच थोड्यांनी होकार दिला. म्हणजे ओळख पटली नव्हती, तरी आवड मात्र निर्माण झाली होती.

हे असे का होते? अनोळखी गोष्टीपुढे मन सावध राहते. ती पुन्हा पुन्हा समोर आली आणि तिच्यापासून काही इजा झाली नाही, की सावधपणा सैल पडतो. शिवाय पाहिलेली गोष्ट ओळखायला मेंदूला कमी श्रम पडतात, आणि हा सोपेपणाच आपल्याला "बरे वाटणे" म्हणून जाणवतो. आता घरी फोन करणाऱ्या मुलीचा विचार करा. नव्वद-शंभर चेहरे, सगळे नवे. गावच्या शाळेत ज्या चेहऱ्यांत ती दहा वर्षे बसली त्यांतला एकही नाही. "इथली पोरं चांगली नाहीत" या तिच्या वाक्याचा पुष्कळसा अर्थ "इथली पोरं मला अजून सवयीची नाहीत" एवढाच असतो. वर्गाच्या बाजूनेही तेच खरे असते.

मूर्तीमागचे वलय

दुसरी गोष्ट म्हणजे तेजोवलयाचा परिणाम, इंग्रजीत हॅलो इफेक्ट. आपल्या विहारातील बुद्धमूर्तीच्या मस्तकामागे प्रभावळ असते, ती सर्वांनी पाहिली आहे. त्या वलयाने सारी मूर्तीच उजळून निघते. माणसाच्या बाबतीत मन असेच करते. एक ठळक गुण दिसला की त्याचा उजेड इतर साऱ्या गुणांवर पडतो. इंग्रजी फाडफाड बोलतो, म्हणजे हुशार असणार, म्हणजे प्रामाणिक असणार, म्हणजे चांगल्या घरचा असणार. उलटही तसेच. एक उणेपणा दिसला की त्याची सावली सगळ्यावर पडते.

या परिणामाला नाव दिले एडवर्ड थॉर्नडाइक यांनी, 1920 साली. ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न असलेल्या टीचर्स कॉलेजात प्राध्यापक होते. याच कोलंबियात 1913 ते 1916 या काळात बाबासाहेब शिकत होते. थॉर्नडाइक यांनी सैन्यातील अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य या सदरांत वेगवेगळे गुण द्यायचे होते. त्यांना आढळले की हे गुण एकमेकांशी नको तितके जुळतात. ज्याची शरीरयष्टी चांगली त्याला बुद्धीतही चांगले गुण आणि चारित्र्यातही. प्रत्यक्षात धिप्पाड माणूस बुद्धिमान असेलच असे काही नाही. अधिकाऱ्यांनी चार सदरे भरली, पण माणसाकडे पाहिले एकदाच, आणि तेच एक मत चारही ठिकाणी उतरले.

वाचकहो, इथे एक ओळखण्याची खूण हाती लागते. आपल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात वर्तन, स्वच्छता, सहभाग, अभ्यास, नेतृत्व अशा रकान्यांत सगळीकडे एकच शेरा असेल, मग तो "उत्तम" असो वा "असमाधानकारक", तर शंका घ्यायला जागा आहे. खरा मुलगा एका बाबतीत पुढे आणि दुसऱ्या बाबतीत मागे असतो. सगळे रकाने सरळ रेषेत आले, तर शिक्षकांनी मुलाचे पाच गुण पाहिले नसून एकच पाहिला असण्याचा संभव असतो.

सरांचा उच्चार चुकीचा की सर नावडते?

वलय शिक्षकांच्या डोक्यामागेही असते. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी 1977 साली मिशिगन विद्यापीठात 118 विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग याबाबतीत फार बोलका आहे. एक प्राध्यापक होते, मूळचे बेल्जियमचे, त्यामुळे त्यांच्या इंग्रजीला परका ठसका होता. त्यांच्या दोन मुलाखती चित्रित केल्या. एकीत ते मुलांविषयी आपुलकीने आणि विश्वासाने बोलले. दुसरीत हुकूमशहासारखे आणि संशयी बोलले. एका गटाला एक मुलाखत दाखवली, दुसऱ्या गटाला दुसरी. मग तीन गोष्टींविषयी मत विचारले. प्राध्यापकांचे दिसणे, त्यांच्या लकबी आणि त्यांचा उच्चार.

माणूस एकच, चेहरा एकच, ठसका एकच. तरीही आपुलकीची मुलाखत पाहणाऱ्या बहुतेकांना या तिन्ही गोष्टी आकर्षक वाटल्या, आणि दुसऱ्या गटातील बहुतेकांना त्याच तिन्ही गोष्टी त्रासदायक वाटल्या. याहून महत्त्वाचे पुढेच आहे. सर आवडले-नावडले याचा तुमच्या या मतांवर परिणाम झाला का, असे विचारता मुलांनी साफ नाही म्हटले. कठोर मुलाखत पाहणाऱ्या गटात तर उलटे कारण पुढे आले. सरांचा उच्चार आणि लकबी आवडल्या नाहीत, म्हणून सर आवडले नाहीत, अशी त्यांची समजूत होती. म्हणजे वलय काम करते, आणि ज्याच्या मनात ते काम करते त्यालाच त्याचा पत्ता नसतो.

आपल्याकडे हे रोज घडते. देगलूर-बिलोलीकडच्या मराठीवर तेलुगूची छाया असते, उदगीर-निलंग्याकडच्या बोलीत कानडीचा सूर येतो. त्या भागातील एखादे सर पहिल्या तासाला कडक बोलले, की "त्यांचं बोलणंच समजत नाही" अशी तक्रार सुरू होते. तेच सर प्रेमाने बोलले असते तर "किती आपल्यासारखं बोलतात" असे झाले असते. आणि गुळगुळीत बोलणारे, सुटाबुटातले सर खरेच चांगले शिकवतात का, हे पाहायचे राहूनच जाते.

उत्तरपत्रिकेवरचे नाव

आतापर्यंत आवडी-निवडीचा विषय होता. पण वलय उत्तरपत्रिकेपर्यंत पोहोचले की त्याचे गुण होतात, आणि गुणांवर प्रवेश ठरतो. आपल्या देशात याची मोजदाद झाली आहे. रेमा हॅना आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी मुलांची एक बक्षिसाची परीक्षा घेतली आणि तपासणीसाठी शिक्षक नेमले. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर वय, मुलगा की मुलगी, आणि जात लिहिलेली होती. पण ही माहिती खरी नव्हती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कोणत्याही उत्तरपत्रिकेवर कोणतीही माहिती घातली होती. त्यामुळे वरच्या जातीची म्हणून दाखवलेली उत्तरे सरासरीने अधिक चांगली असण्याचे काही कारणच नव्हते.

2012 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, खालची जात दाखवलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण मिळाले. संख्याशास्त्राच्या भाषेत फरक 0.03 ते 0.08 प्रमाण विचलनाचा होता. साध्या हिशेबात सांगायचे, तर शंभर गुणांच्या पेपरात वर्गाच्या गुणांचे प्रमाण विचलन 15 धरले, तर हा फरक अर्ध्या गुणापासून सव्वा गुणापर्यंत जातो. फरक लहान आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण जिथे अर्ध्या गुणाने प्रवेशाची यादी हुकते तिथे तो लहान राहत नाही.

या अभ्यासातील दोन गोष्टी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, हा फरक गठ्ठ्यातील आरंभीच्या उत्तरपत्रिकांत अधिक होता. सुरुवातीला पेपर किती अवघड आहे, मुले साधारण काय लिहीत आहेत, याचा अंदाज शिक्षकाला नसतो. अशा वेळी मन पहिल्या पानावरच्या माहितीचा आधार घेते. दुसरी गोष्ट आपल्याला अंतर्मुख करणारी आहे. हा फरक मुख्यतः स्वतः खालच्या मानल्या गेलेल्या जातींतून आलेल्या शिक्षकांच्या तपासणीत दिसला, वरच्या जातीच्या शिक्षकांत तो आढळला नाही. म्हणजे शिक्षक "आपला" आहे एवढ्याने वलय पुसले जात नाही. ते पुसण्यासाठी पद्धतच बदलावी लागते.

ही पद्धत अगदी सोपी आहे. आपल्यातील जे शिक्षक आहेत आणि जे वस्तीतील अभ्यासिकेत सराव परीक्षा घेतात, त्यांनी ती आजपासून अंमलात आणावी. समजा, 30 उत्तरपत्रिका आणि 5 प्रश्न आहेत. तपासण्यापूर्वी सगळ्यांची पहिली पाने मागे दुमडून घ्या, म्हणजे नाव दिसणार नाही. मग एका मुलाचा सगळा पेपर न तपासता, तीसही जणांचा पहिला प्रश्न तपासा. गठ्ठा फिसकटून क्रम बदला आणि मग दुसरा प्रश्न घ्या. असे केल्याने पहिल्या उत्तराचा उजेड किंवा सावली त्याच मुलाच्या दुसऱ्या उत्तरावर पडत नाही. शिवाय दर वेळी क्रम बदलल्याने गठ्ठ्यात आधी येण्याचा तोटा एकाच मुलाच्या वाट्याला येत नाही. शेवटी पहिल्या प्रश्नाच्या सुरुवातीच्या पाच-सहा उत्तरांवर पुन्हा नजर फिरवा.

बोर्डाच्या लेखी पेपरात तपासणाऱ्यापुढे विद्यार्थ्याचे नाव येत नाही. पण दहावीच्या बहुतेक विषयांत 80 गुण लेखी आणि 20 गुण शाळेच्या हातचे असतात. बारावी विज्ञानाला प्रात्यक्षिकांचे 30 गुण असतात. तिथे मूल समोर उभे असते, म्हणून तिथेच जपायला हवे. मुलाने वही वेळेवर पूर्ण ठेवावी, तारीख व सही घेत जावे. लेखी पुरावा समोर असला की वलयाला वाव कमी राहतो.

नुसते दिसणे पुरत नाही

कोणी म्हणेल, मग सोपे आहे. मुलाने रोज वर्गात दिसावे, परिचय वाढेल आणि वलय आपोआप पुसले जाईल. तसे होत नाही. साताऱ्याच्या शाळेत बालपणी बाबासाहेबांना वर्गात वेगळे, गोणपाटावर बसावे लागत असे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे आणि परत आणावे लागे. त्या वर्गातील मुलांना आणि शिक्षकांना बाबासाहेब रोज दिसत होते. पण रोज दिसत होते ते गोणपाटासकट. कलंकाची खूण बरोबर ठेवून माणूस शंभर वेळा दिसला, तर मनात पक्की होते ती खूण. परिचयाचा परिणाम तटस्थ किंवा किंचित बऱ्या ठशावरच चांगला काम करतो. ठसा आरंभीच वाईट असेल, तर नुसत्या दिसण्याने तो सुधारत नाही.

तो सुधारतो एकत्र काम केल्याने. दिल्लीत 2007 साली सरकारने अनेक मोठ्या खाजगी शाळांना गरीब घरच्या मुलांसाठी 20 टक्के जागा राखायला लावल्या. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने या शाळांतील श्रीमंत मुलांचा अभ्यास करून तो 2019 साली प्रसिद्ध केला. ज्यांच्या वर्गात गरीब मुले होती त्यांच्यात गरीब मुलांना टाळण्याची वृत्ती कमी आढळली. काही शाळांत अभ्यासाचे छोटे गट नावाच्या अक्षरक्रमाने पाडले जात, त्यामुळे कोणाचा जोडीदार कोण हे योगायोगाने ठरे. ज्यांच्या गटात गरीब मुले आली, त्यांच्यात हा बदल प्रत्यक्ष सहवासामुळे झाल्याचे दिसले.

आता त्या फोनला काय उत्तर द्यावे?

पुन्हा त्या मुलीकडे वळू. समजा, ती देगलूर तालुक्यातील आहे, मराठी माध्यमातून आली आहे. पहिल्या दिवशी ओळख करून देताना तिची जीभ अडखळली, मागच्या बाकावरून कोणी हसले. पहिल्या आठवड्यात तिने कोपऱ्यातला बाक धरला, रोज जागा बदलली, दोन तास बुडवले. आता तिच्याभोवती "कच्ची" असे वलय आहे, आणि जागा बदलल्याने व तास बुडवल्याने परिचयही वाढत नाही. दोन्ही गोष्टी तिच्या विरुद्ध जात आहेत.

आई-वडिलांनी तिला तीन गोष्टी सांगाव्यात. एक, तास बुडवू नकोस, आणि पुढच्या दोन-तीन ओळींत एक बाक धरून रोज तिथेच बस. त्याच चेहऱ्यांना तुझा चेहरा आणि तुला त्यांचे चेहरे सवयीचे होतील. दुसरी, प्रयोगशाळेत किंवा अभ्यासात दोघी-तिघींबरोबर एखादे काम वाटून घे. शंभर जणांशी ओळख करण्याची गरज नाही. तिसरी, वर्गात काय झाले ते वहीत लिहून ठेव. सरांविषयी "चांगले नाहीत" असे न लिहिता वेगवेगळे रकाने कर: समजावून सांगतात का, शंका विचारली तर उत्तर देतात का, पेपर वेळेवर तपासून देतात का. दहा तासांनंतर ती वही पाहा.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. सगळा त्रास काही सवयीच्या अभावाने होत नसतो. आडनाव ऐकून कोणी टोमणा मारला, शिष्यवृत्तीवरून हिणवले, जाणूनबुजून वेगळे बसवले, तर तो अनोळखीपणा नव्हे, तो अन्याय आहे. त्यात सवय होण्याची वाट पाहायची नसते. फोनवर मुलीला "रडू नको" म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारावा, "बाळ, नेमकं कोण काय म्हणालं, कोण कसं वागलं?" उत्तरात नुसते "कसंतरीच वाटतं" असेल, तर दीड-दोन महिने थांबावे. उत्तरात नाव, दिवस आणि शब्द असतील, तर दुसऱ्याच दिवशीची लातूरची गाडी धरावी आणि प्राचार्यांना लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.